एका सुनावणीची तीन निमंत्रणं

‘अर्जदारास तीन वेळा निमंत्रण पाठवूनही त्या सुनावणीस अनुपस्थित राहिल्या.’

हे वाक्य मी टाईप केलं आहे. अधीक्षक सांगत गेले आणि माझी बोटं चालत राहिली. तेव्हा त्यात खोटं काय आहे हे मला कळलं नाही. तीन वेळा निमंत्रण गेलं होतं, ते मीच पाठवलं होतं. मॅडम दिसल्या नव्हत्या, असं अधीक्षकांनी सांगितलं. वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता आणि तरी ते वाक्य धडधडीत खोटं होतं.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात कंत्राटी काम करते. टायपिंग, ईमेल, ऑनलाइन बैठका लावणं, परीक्षेचे गठ्ठे विद्यापीठात पोहोचवणं, जे समोर येईल ते. मॅडम आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायच्या. म्हणजे जितके तास वेळापत्रकात असतील तितकंच त्यांचं कॉलेज. तास काढून घेतले की झालं, नोकरीवरून काढलं असं कुणाला म्हणावंही लागत नाही. त्या मूळच्या विणकर घरातल्या. घरी तेलुगू, वर्गात आमच्यापेक्षा स्वच्छ मराठी. बाहेरून तपासणी समिती येणार होती, त्याआधी हजेरीपटात कधीच न आलेल्या मुलांच्या हजेऱ्या भरायला त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला आणि तो लेखी दिला. पुढच्या सत्राच्या वेळापत्रकातून त्यांचं नाव गेलं. त्यांनी तक्रार निवारण समितीकडे अर्ज केला. समितीचे अध्यक्ष पुण्याला राहणारे निवृत्त प्राचार्य, सोबत दोन सदस्य, त्यातला एक कोल्हापूरचा. म्हणून सुनावणी ऑनलाइन.

ती एकच संधी होती. समितीनं अर्ज निकाली काढला की वर्षभर पुन्हा त्याच विषयावर अर्ज करता येत नाही. आणि तासिका तत्त्वावरच्या माणसाचं वर्षभर नाव नसलं, तर पुढच्या वर्षी कोण विचारतो?

आता माझ्याबद्दल थोडं. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते छापखान्यात कामाला होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. विडी वळणाऱ्या बायकांची, लूमवरच्या कामगारांची, पाण्यासाठी निघणाऱ्या मोर्चाची. मला अक्षरओळख पत्रकांवरच झाली. ‘जाहीर’ हा शब्द मला ‘कमळ’च्या आधी वाचता यायचा. त्यामुळे काहीही लिहायला बसलं की माझ्या हातून पत्रक होतं. ती सवय मला फार आवडायची. त्या महिन्यात ती मला नडली, आणि माझ्यामुळे मॅडमना.

सुनावणी गुरुवारी सकाळी अकराला ठरली. कार्यालयाच्या खात्यावरून कॅलेंडरमध्ये निमंत्रण तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मला मॅडमचा अर्ज पाठ होता. मी वर्णनाच्या रकान्यात सहा परिच्छेद लिहिले. सुनावणी म्हणजे काय, दोन्ही बाजू ऐकून घेणं का आवश्यक आहे, अर्जदाराचं म्हणणं थोडक्यात काय आहे. थोडक्यात म्हणजे पाऊण पान. आणि अगदी शेवटी, सगळ्यांच्या खाली, बैठकीची लिंक ठळक अक्षरांत चिकटवली. तीच लिंक वर बटणाच्या रूपात आपोआप आली होती, तरी मी ती खाली पुन्हा चिकटवली, कारण ठळक अक्षरं मला भरोशाची वाटतात. मॅडमना फोन करून सांगितलंही, “खाली ठळक अक्षरात लिंक आहे, तीच दाबा.”

मोबाईलवर त्या वर्णनाच्या पहिल्या तीन ओळी दिसायच्या. बाकीचं उघडायला ‘अधिक’ दाबावं लागायचं. हे मी पाहिलंच नव्हतं. मी लिहून मोकळी झाले होते.

सोमवारी कोल्हापूरच्या सदस्यांचा निरोप आला की अकराला जमणार नाही, त्याच दिवशी दुपारी तीनला करा. मी जुनं निमंत्रण उघडून वेळ बदलायला लागले, तर अधीक्षक खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“हे काय करतेस?”

“वेळ बदलतेय, सर.”

“गेलेलं पत्र बदलतात का कधी?”

आमच्या अधीक्षकांची अठ्ठावीस वर्षं जावक रजिस्टरात गेली आहेत. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राला त्या रजिस्टरात क्रमांक मिळतो, आणि एकदा क्रमांक पडला की त्या पत्राला हात लावणं म्हणजे खाडाखोड, म्हणजे चौकशी. काही बदललं तर नवीन पत्र, नवीन क्रमांक आणि वर ‘संदर्भ: यापूर्वीचे पत्र’. कागदाच्या बाबतीत ते बरोबरच आहे. पण कॅलेंडर म्हणजे कागद नव्हे. तिथं जुनं आणि नवं अशी दोन्ही पानं एकाच दिवसाच्या चौकोनात शेजारी शेजारी उभी राहतात आणि दोन्ही तितकीच खरी दिसतात.

“नवीन टाक. जुनं असू दे तिथंच, रेकॉर्ड राहतं.”

मी नवीन टाकलं. मला माहीत होतं की हे चूक आहे. कंत्राटाचं नूतनीकरण जूनमध्ये होतं, हेही माहीत होतं. वर्णन जुन्यातून उचलून नव्यात चिकटवलं, वेळ तेवढी बदलली. नव्या निमंत्रणाला कॅलेंडरनं वर स्वतःहून नवी लिंक दिली. खाली माझ्या ठळक अक्षरांत मात्र जुनीच लिंक राहिली. एका निमंत्रणात दोन दरवाजे, दोन वेगवेगळ्या खोल्यांचे.

बुधवारी अधीक्षकांना विषयपत्रिका आठवली. ती त्याच निमंत्रणात भरता आली असती. पण विषयपत्रिका म्हणजे वेगळं पत्र. तिसरं निमंत्रण: ‘सुधारित विषयपत्रिका’, तोच गुरुवार, तेच तीन वाजता. त्याला बैठक जोडू नको, नुसती विषयपत्रिका आहे, असं ते म्हणाले, म्हणून मी वरची लिंक काढून टाकली. वर्णनात पाच विषय लिहिले आणि त्यांच्याखाली तेच जुनं पुराण, शेवटी तीच ठळक लिंक. संध्याकाळचे पावणेसहा झाले होते आणि मला घरी जायचं होतं. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

मॅडमनी त्या संध्याकाळी कार्यालयात फोन करून विचारलं होतं की तीन आलीत, कुठलं धरू. अधीक्षक म्हणाले, “शेवटचं धरा की. शेवटचं पत्र तेच खरं.”

गुरुवारी दुपारी मला विद्यापीठात गठ्ठे घेऊन पाठवलं. तीनला अध्यक्ष आणि दोन्ही सदस्य दुसऱ्या निमंत्रणाच्या वरच्या बटणानं आत आले. अधीक्षक प्राचार्यांच्या केबिनमधून आत आले. मॅडम तिसऱ्या निमंत्रणाच्या ठळक लिंकेनं आत गेल्या, जसं मी त्यांना सांगितलं होतं. त्या खोलीत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. त्यांनी साडी नेसली होती, मागची खिडकी बंद केली होती म्हणजे शेजारच्या लूमचा खडखडाट आत येऊ नये, समोर कागद क्रमानं लावले होते. चाळीस मिनिटं त्या स्वतःच्याच चेहऱ्याकडे बघत बसल्या. कार्यालयाच्या फोनवर त्यांनी चारदा फोन केला. तो रिकाम्या खोलीत वाजत राहिला. मला दोनदा केला. मी गाडीवर होते.

तिकडे समितीनं पंधरा मिनिटं वाट पाहिली आणि शेरा मारला.

शुक्रवारी सकाळी मी इतिवृत्त टाईप केलं. अकरा वाजता मॅडम आल्या.

त्या भांडायला आल्या नव्हत्या. मोबाईल टेबलावर ठेवला आणि अधीक्षकांना म्हणाल्या, “सर, बघा. तीन वाजून चार मिनिटं. मी आत आहे.” पडद्याचा फोटो काढून ठेवला होता त्यांनी. एकटा चेहरा, कोपऱ्यात वेळ.

अधीक्षकांनी चष्मा न लावताच पाहिलं. “मॅडम, तीन-तीन निमंत्रणं पाठवली तुम्हाला. आता काय अक्षता घेऊन यायचं होतं?”

“मी बसले होते, सर. चाळीस मिनिटं.”

“कुटं बसला होता ते तुमचं तुम्हाला माहीत. समिती हितं बसली होती.”

“फोन केला मी चार वेळा.”

“सुनावणी चालू असताना फोन उचलायचा का आम्ही?”

“मग तुम्ही मला करायचा होतात. माझा नंबर अर्जावर आहे.”

“समितीनं अर्जदाराला फोन करून बोलवायची पद्धत नाही,” असं म्हणून त्यांनी चहाचा कप पुढे ओढला.

मी तो फोटो पाहिला. बैठकीच्या पत्त्यातली अक्षरं वाचली. ती पहिल्या निमंत्रणाची लिंक होती. माझी ठळक अक्षरं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला तोंड लपवायला जागा नव्हती. तरी मी त्या क्षणी काही बोलले नाही. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही. मॅडम मोबाईल उचलून निघून गेल्या, आणि जाताना मला म्हणाल्या, “तू सांगितलं होतंस ठळक दाबा म्हणून.” आवाजात राग नव्हता, नुसती माहिती देत होत्या. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

संध्याकाळी अण्णांना सांगितलं. ते दारात खुर्ची टाकून बसले होते. सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा ‘लिंक म्हणजे मैदानच की’ असं विचारलं, मी हो म्हटलं.

“मग पट्टी लावली का न्हाय?” ते म्हणाले.

मला लगेच कळलं. लहानपणी मी हे कितीदा पाहिलं होतं. सभेची जागा किंवा वेळ आयत्या वेळी बदलली, तर अण्णा नवीन पोस्टर छापायचे नाहीत. बदललेल्या जागेची बोटभर रुंद पट्टी छापायचे आणि शहरात जिथं जिथं जुनं पोस्टर लावलंय तिथं जाऊन त्याच पोस्टरवर, त्याच ओळीवर चिकटवायचे. आई मैद्याची खळ शिजवून द्यायची. जितकी पोस्टरं, तितक्या पट्ट्या. कुठल्या भिंतीवर किती लावली याची यादी त्यांच्या खिशात असायची.

“एकदा आमच्या पोरांनी आळस केला,” अण्णा सांगायला लागले. “कन्ना चौकात जुनं पोस्टर तसंच ठिवलं आन शेजारी नवं लावलं. निम्म्या बाया त्या मैदानात, निम्म्या ह्या. मालकाचा माणूस दुसऱ्या दिवशी काय म्हणतो, तुमच्याकडं बायकाच न्हाईत. आन तसं दिसत पण व्हतं, खरंच.” मग ते म्हणाले, “दोन कागद लावले की माणूस चुकतो. मग माणसालाच चुकला म्हनत्यात. कागदाला कोण न्हाय म्हनत.”

“मी वाक्य टाईप केलंय अण्णा. तीन वेळा निमंत्रण.”

“मग आता दुसरं वाक्य टाईप कर.”

मी शनिवारी समितीच्या अध्यक्षांना एका पानाचं पत्र लिहिलं. सहा परिच्छेद नाही. पहिल्या निमंत्रणाची वेळ आणि लिंकेची शेवटची अक्षरं, दुसऱ्याची, तिसऱ्याची. कुठल्या निमंत्रणात कुठली लिंक होती. अर्जदाराच्या पडद्याचा फोटो. अर्जदारांनी तिन्ही निमंत्रणांना ‘येणार’ म्हणून होकार दिला होता, तो कार्यालयाच्या खात्यात दिसतो. शेवटी एक ओळ: ‘ही निमंत्रणे मी तयार केली, चूक निमंत्रणाची आहे, अर्जदाराची नाही.’ खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि हुद्दा. अधीक्षकांना प्रत दिली, कारण पाठीमागून पत्र लिहिणं मला शिकवलेलं नाही.

अधीक्षकांनी प्रत वाचली आणि फक्त एवढं म्हणाले, “लई शहाणी झालीस. जून लांब न्हाय.”

सोमवारी अध्यक्षांचा फोन आला. आवाज करडा.

“तुम्हीच का ते निमंत्रणांचं लिहिलं?”

“हो, सर.”

“मी गुरुवारी अकरा वाजता पण बसलो होतो, माहीत आहे का तुम्हाला? माझ्या कॅलेंडरात दोन्ही होती. म्हटलं, बघू कोण येतं. कोणी आलं नाही. मग तीनला परत बसलो.”

“हे मी इतिवृत्तात लिहायला हवं होतं,” ते म्हणाले. “मी चुकीच्या वेळी बसलो तर तो घोटाळा, आणि त्या बाई चुकीच्या ठिकाणी बसल्या तर त्या अनुपस्थित. पुढच्या बुधवारी अकराला पुन्हा बैठक घ्या. आणि एक निमंत्रण. माझ्या फोनवर दुसरं दिसता कामा नये.”

बुधवारची बैठक ही खरोखरच नवी बैठक होती, म्हणून तिला नवं निमंत्रण हवंच होतं. गेल्या गुरुवारची तिन्ही मी हलवली नाहीत, ती त्यांच्या तारखेला तशीच राहू दिली. तो पुरावा होता. नवीन लिहायला मात्र मी दोन तास घेतले. शीर्षक: ‘तक्रार निवारण समिती: सुनावणी’. त्यात ‘सुधारित’ नाही, ‘अंतिम’ नाही. अशा शीर्षकांनी माणूस जुन्याच्या शोधात निघतो.

वर्णनाच्या पहिल्या तीन ओळी मोबाईलवर न दाबता दिसतात, म्हणून तिथंच सगळं आणलं. पहिली ओळ: ‘बदल: अद्याप नाही.’ दुसरी: ‘सामील होण्यासाठी या निमंत्रणातलं वरचं बटणच वापरा, दुसरी लिंक नाही.’ तिसरी: ‘आत येता आलं नाही तर या क्रमांकावर फोन करा, बैठक संपेपर्यंत तो उचलला जाईल,’ आणि माझा मोबाईल क्रमांक. लिंक वर्णनात चिकटवली नाही, ठळक तर नाहीच. त्याखाली इंटरनेट गेलं तर साध्या फोनवरून सामील व्हायचा क्रमांक आणि त्याचा पिन. तो या बैठकीसाठी कॅलेंडरनं दिलेलाच आहे ना, हे जुळवून पाहिलं. मग विषयपत्रिका, पाच ओळी, प्रत्येकीपुढे किती मिनिटं. पहिला विषय मी लिहिला: ‘मागील इतिवृत्तातील अनुपस्थितीचा शेरा.’ अर्जाचा मजकूर एक शब्दही लिहिला नाही. तो कागद स्वतंत्र, फक्त समितीला आणि मॅडमना. माझी मागची पाऊण पानाची हकीकत सगळ्या निमंत्रितांच्या फोनवर पडली होती, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

पाहुण्यांनी इतरांना निमंत्रण द्यायची परवानगी काढून टाकली, म्हणजे कुणी पुढं ढकलून आणखी एक शाखा फोडू नये. आणि आधी स्वतःच्या खात्यावर पाठवून मोबाईलवर उघडून पाहिलं. मग पाठवलं. चारही होकार आले.

मंगळवारी दुपारी अध्यक्षांच्या घरून निरोप आला की त्यांची डॉक्टरांकडची वेळ आली आहे, अकराऐवजी चारला. मी तेच निमंत्रण उघडलं. वेळ बदलली. पहिली ओळ पुसून लिहिली: ‘बदल (मंगळवार): वेळ सकाळी ११ ऐवजी दुपारी ४. बटण तेच, बाकी काही बदललं नाही.’ जतन करताना कॅलेंडरनं विचारलं की पाहुण्यांना कळवायचं का. कळवा, म्हटलं. हीच ती पट्टी. चार भिंतींवर एका झटक्यात लागली.

अर्ध्या तासानं माझ्या फोनवर दुसरं निमंत्रण वाजलं. ‘सुधारित सुनावणी, दुपारी ४.’ कार्यालयाच्या खात्यावरून. नवी लिंक.

मी अधीक्षकांच्या टेबलाशी गेले. “सर, हे तुम्ही पाठवलंत?”

“तू नवीन टाकलं नाहीस म्हणून टाकलं. रेकॉर्ड नको का?”

“मी जुन्यातच बदललं होतं. सगळ्यांना गेलंय.”

“ते बदललेलं रेकॉर्डला दिसतं का?”

“दिसतं. पहिल्याच ओळीत लिहिलंय.”

“पहिली ओळ म्हणजे जावक क्रमांक आहे का गं?”

त्यांच्या तोंडावर खोडसाळपणा नव्हता, हे मला जास्त लागलं. माणूस अठ्ठावीस वर्षं एका पद्धतीनं बरोबर वागला, म्हणून त्या पद्धतीनं कुणाचं तरी आयुष्य मोडलं तरी त्याला ते दिसत नाही. मी त्यांना म्हटलं, “सर, परत दोन झालीत. उद्या मॅडम एका खोलीत आणि समिती दुसऱ्या. मग परत इतिवृत्त मी टाईप करणार नाही.”

“मग काय करणार?”

“तुमचं काढून टाकणार. आत्ता. अध्यक्षांनी एकच निमंत्रण सांगितलंय.”

त्यांनी नको म्हटलं नाही. हो पण म्हणाले नाहीत.

काढायला गेले आणि हात थांबला. नवं निमंत्रण काढलं की सगळ्यांना मेल जाणार, शीर्षकातच ‘रद्द’ असं लिहिलेलं. ज्याला एकदा चुकीच्या खोलीत बसवलंय, त्याला आदल्या संध्याकाळी ‘सुनावणी रद्द’ असं दिसलं तर? मॅडम त्या दिवशी मोहोळला मावशीकडे गेल्या होत्या आणि संध्याकाळच्या एसटीनं परतणार होत्या. म्हणून काढण्याआधी पाहुण्यांसाठी टीप लिहिली: ‘सुनावणी रद्द नाही. हे दुसऱ्यांदा गेलेले निमंत्रण फक्त रद्द. बुधवारी ४ वाजता, आधीच्याच निमंत्रणातले बटण.’ मग काढलं. आणि लगेच मॅडमना फोन लावला.

लागत नव्हता. एसटीत रेंज नसेल. चौथ्यांदा लागला.

“मला रद्दचं आलंय,” त्या पहिलंच वाक्य म्हणाल्या. “मी उतरतेच आहे. पुढं येऊन काय करू?”

“उतरू नका. वाचा पुढं, टीप आहे.”

“टीप नंतर वाचेन. तू सांग.”

मी सांगितलं. फोनवर एसटीचा खडखडाट, कुणीतरी तिकिटाचे सुटे मागत होतं. मग त्या म्हणाल्या, “किती वाजता?”

“चारला. जुन्या निमंत्रणात. मोबाईलवर एकच दिसेल आता.”

“एकच दिसतंय,” त्या म्हणाल्या. त्यांनी उघडून पाहिलं होतं. “एकच आहे. बरं.”

बुधवारी चार वाजायला पाच मिनिटं असताना मी माझा फोन समोर ठेवून बसले. तो वाजला नाही. तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मॅडम आत आल्या, मग कोल्हापूरचे सदस्य, मग दुसरे, मग अध्यक्ष. अधीक्षक माझ्या शेजारच्या खुर्चीवर, हात छातीशी बांधून.

अध्यक्षांनी पहिला विषय वाचला. मॅडमनी एकच मागणी केली, की शेरा वाचून दाखवावा. अध्यक्षांनी वाचला. ‘तीन वेळा निमंत्रण पाठवूनही.’ तो मोठ्यानं वाचल्यावर दोन्ही सदस्य खाली बघायला लागले. अध्यक्ष म्हणाले, हा शेरा मागे घेतो, आणि हे कार्यालयानं लेखी कळवावं. त्यानंतर मॅडम पंचवीस मिनिटं बोलल्या. हजेरीपटाच्या तारखा, त्यांनी दिलेला लेखी नकार, वेळापत्रकातून नाव गेल्याचा दिवस. मधे एकदा लूमचा आवाज आला तेव्हा त्या थांबल्या नाहीत.

शेरा मागे घेतल्याचं पत्र मलाच लिहायचं होतं. मी लिहिलं: ‘एकाच सुनावणीची तीन निमंत्रणे कार्यालयाकडून निघाली. त्या तीन संधी नव्हत्या.’ अधीक्षकांनी दुसरं वाक्य लाल पेनानं छाटलं. “याची गरज न्हाय.” मी नवीन प्रत काढली, तेच वाक्य जागेवर ठेवून. त्यांनी परत छाटलं. मी परत काढली.

“अध्यक्षांना विचारू का?” मी म्हटलं.

तिसऱ्या प्रतीवर त्यांनी सही केली. मग जावक रजिस्टर पुढे ओढलं, क्रमांक टाकला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “नवीन पत्र आहे ना हे? मग क्रमांक नवीनच लागतो की.”

समितीनं निकाल मॅडमच्या बाजूनं दिला. सत्राच्या मध्यावर त्यांचे तास परत आले, सगळे नाही, निम्मे. निम्मेच का, हे अजून कुणी लेखी दिलेलं नाही. मॅडमनी त्यासाठी, विषय वेगळा म्हणून, नवा अर्ज केला आहे, आणि त्याच्या सुनावणीचं निमंत्रण मी लिहिणार आहे, जूनमध्ये माझं कंत्राट राहिलं तर. नाही राहिलं, तर ते कसं लिहायचं याचं एक पान मी टाईप करून कार्यालयाच्या सूचना फलकावर लावलं आहे. खळ लावून. सहजासहजी निघणार नाही.